सोन्याच्या वायद्यात गर्दी कुठल्या बाजूला? साप्ताहिक सीओटी अहवालाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोन्याच्या बातम्यांत अधूनमधून एक वाक्य येतं: ‘हेज फंडांचे खरेदीचे सौदे अमुक इतक्या महिन्यांच्या उच्चांकावर.’ हे कोण मोजतं, त्यावर किती विसंबायचं आणि ‘गर्दी’ म्हणजे नक्की काय, असे प्रश्न मग वाचक विचारतात. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. कुठला सौदा करावा याचा सल्ला मात्र इथे मिळणार नाही.

### हा अहवाल काय आहे आणि तो कोण काढतं?

अमेरिकेत वायदे बाजारावर देखरेख ठेवणारी सीएफटीसी नावाची सरकारी संस्था आहे. आपल्याकडे हे काम सेबी करते. ही संस्था दर आठवड्याला ‘कमिटमेंट्स ऑफ ट्रेडर्स’ हा अहवाल प्रसिद्ध करते, त्यालाच बाजारात सगळे सीओटी म्हणतात. 1962 साली अमेरिकी शेती खात्याने धान्य वगैरेंच्या वायद्यांसाठी तो महिन्यातून एकदा काढायला सुरुवात केली. 2000 सालापासून तो दर आठवड्याला येतो.

सोन्याच्या बाबतीत हा अहवाल न्यूयॉर्कच्या कोमेक्स बाजारातल्या वायद्यांचा असतो. तिथला एक करार 100 ट्रॉय औंसांचा, म्हणजे साधारण 3.11 किलो सोन्याचा. एखाद्याकडे 200 किंवा त्याहून अधिक करार झाले की त्याच्या ब्रोकरला त्या खात्याचा तपशील रोज सीएफटीसीला कळवावा लागतो. ग्राहक कोण आहे, तो सोनं वापरतो, विकतो की नुसते सौदे करतो, हे पाहून संस्था त्याला एका गटात टाकते. बाहेर येतात त्या फक्त गटांच्या बेरजा. कुणाचंही नाव जाहीर होत नाही.

### तो कधी येतो?

मंगळवारी बाजार बंद होताना जे सौदे उभे असतात त्यांची मोजणी होते आणि आकडे शुक्रवारी दुपारी साडेतीनला, न्यूयॉर्कच्या वेळेने, जाहीर होतात. आपल्याकडे तेव्हा शनिवार उजाडलेला असतो: अमेरिकेतल्या उन्हाळी वेळेत रात्रीचा एक, हिवाळ्यात दोन. आपल्याकडचा बाजार तोवर बंद झालेला असतो, त्यामुळे इथे कुणी लगेच सौदा करू शकत नाही. मला ही सोय वाटते, कारण आकडे निवांत वाचता येतात.

मात्र मंगळवार ते शुक्रवार या तीन दिवसांत अमेरिकेचे महागाईचे किंवा नोकऱ्यांचे आकडे येऊन गेले असतील, तर हातातला अहवाल शिळा झालेला असतो. याचं चांगलंच बोलकं उदाहरण पुढे 2018 च्या प्रकरणात आहे.

### एवढ्या रकान्यांतून नेमकं कुठे बघायचं?

सीएफटीसीच्या संकेतस्थळावर एकाच बाजाराचे दोन-तीन अवतार दिसतात, त्यामुळे पहिल्यांदा उघडणारा गांगरतो. जुन्या पद्धतीच्या अहवालात दोनच मोठे गट आहेत: व्यापारी, म्हणजे मालाचा प्रत्यक्ष धंदा करणारे, आणि बिगर-व्यापारी, म्हणजे नुसते सौदे करणारे. 2009 साली विस्तृत वर्गीकरण सुरू झालं, त्याचे मागचे आकडे 2006 पर्यंत मिळतात. सोन्यासाठी हेच वापरावं. त्यात `GOLD - COMMODITY EXCHANGE INC.` ही ओळ शोधायची, तिचा कोड `088691`. मायक्रो सोन्याच्या छोट्या कराराची ओळ वेगळी असते, ती चुकून उचलू नये.

या ओळीखाली चार मोठे गट दिसतात. पहिला खाणी, रिफायनऱ्या, दागिने बनवणारे अशा धंदेवाल्यांचा. दुसरा स्वॅप डीलरांचा, म्हणजे बहुतांश मोठ्या बँकांचा. तिसरा `Managed Money`, ज्यात हेज फंड आणि दुसऱ्यांचा पैसा वायद्यात फिरवणारे व्यवस्थापक येतात. चौथा ‘इतर मोठे’. या चौघांत न बसणारे छोटे खातेदार शेवटी एकगठ्ठा दाखवलेले असतात.

गर्दी शोधायची ती तिसऱ्या गटात. यातले बरेच फंड भावाच्या कलामागे धावतात: भाव चढला की घेतात, उतरला की विकतात. प्रत्येकाचा फॉर्म्युला वेगळा असला तरी सगळे बघतात तो आलेख एकच असतो. म्हणून ते एकाच वेळी एकाच बाजूला येतात आणि निघायची वेळही त्यांची जवळपास एकच असते. खाणीला सोनं विकायचंच असतं, सराफाला ते घ्यायचंच असतं. फंडाला यातलं काहीच करायचं नसतं. त्याने घेतलेला प्रत्येक करार त्याला कधी ना कधी विकावा लागतो आणि विकलेला प्रत्येक करार परत घ्यावा लागतो. या अहवालातून जी काही माहिती मिळते, ती या सक्तीमुळे मिळते.

### बँका कायम शॉर्ट दिसतात. म्हणजे त्या भाव दाबून धरतात का?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याचं उत्तर एकदा नीट द्यायला हवं. वायद्यात प्रत्येक खरेदीसमोर एक विक्री असतेच, दोन्ही बाजूंची बेरीज कायम सारखी. फंड दीड लाख करारांनी निव्वळ लाँग असतील, म्हणजे त्यांची खरेदी विक्रीपेक्षा तेवढी जास्त असेल, तर बाकीचे सगळे मिळून दीड लाखांनी निव्वळ शॉर्ट, म्हणजे विक्रीच्या बाजूला, असणारच. दुसरा मार्गच नाही.

शिवाय बँकेचं वायद्यातलं शॉर्ट हे सहसा तिच्या व्यवहाराचं अर्धं चित्र असतं. लंडनच्या तिजोरीत तिच्याकडे सोनं पडलेलं असतं, किंवा एखाद्या ग्राहकाशी तिने बाजाराबाहेर उलटा करार केलेला असतो. त्या सोन्याचा भाव पडला तर नुकसान होऊ नये म्हणून ती कोमेक्सवर विकून ठेवते. अहवालात फक्त विक्री दिसते, तिजोरी दिसत नाही. बँकांच्या सोन्या-चांदीच्या डेस्कवर गैरप्रकार झाले आहेत आणि अमेरिकेत त्याबद्दल मोठे दंडही झाले आहेत. पण ते खोट्या ऑर्डरी लावून काही सेकंदांत काढून घेण्याचे प्रकार होते. आठवड्याच्या बेरजेतून ते दिसत नाहीत आणि सिद्धही होत नाहीत.

### आकडा मोठा दिसला म्हणजे गर्दी झाली असं समजायचं का?

नुसत्या आकड्यावरून नाही. दोन लाख करार हा आकडा 2016 साली आणि आज एकसारखा नाही. सोनं औंसाला 1,200 डॉलर असताना एका करारात 1,20,000 डॉलरचं सोनं होतं. 4,000 डॉलरला तोच करार 4,00,000 डॉलरचा होतो. फंडाची जोखमीची मर्यादा डॉलरमध्ये असते, करारांच्या संख्येत नसते. म्हणजे भाव तिप्पट झाला की तेवढ्याच जोखमीत त्याला कितीतरी कमी करार धरता येतात. ‘फंड अजून 2016 इतके लाँग नाहीत, म्हणजे अजून पुष्कळ जागा आहे’ असं कुणी म्हणालं, तर आधी हा हिशेब त्याला विचारावा.

म्हणून दोन साधी मापं वापरतात. पहिलं, फंडांचे सौदे एकूण खुल्या सौद्यांच्या, म्हणजे बाजारात अजून बंद न झालेल्या सगळ्या करारांच्या, किती टक्के आहेत. जानेवारी 2020 मध्ये कोमेक्सवरच्या सोन्याचे खुले सौदे जवळपास आठ लाख करारांपर्यंत गेले होते, नंतर ते बरेच घटले. बाजाराचा आकारच बदलत असेल, तर टक्केवारीशिवाय तुलना होत नाही. दुसरं माप म्हणजे गेल्या तीन वर्षांच्या पट्ट्यात आजचा आकडा कुठे बसतो:

```
(आजचा निव्वळ − किमान) ÷ (कमाल − किमान) × 100
```

समजा, तीन वर्षांत फंडांची निव्वळ बाजू जास्तीत जास्त 2,50,000 लाँग आणि कमीत कमी 50,000 शॉर्ट होती, आणि आज ती 1,90,000 लाँग आहे. किमान आकडा उणे असल्यामुळे वर 1,90,000 मध्ये 50,000 मिळवायचे, खाली 2,50,000 मध्ये 50,000 मिळवायचे. 2,40,000 भागिले 3,00,000, म्हणजे 80. नव्वदीच्या वर किंवा दहाच्या खाली गेलं की लोक ‘टोक’ म्हणतात. या हद्दी सोयीसाठी पाडलेल्या आहेत, त्यांच्यामागे कुठलाही नियम नाही.

अहवालात आणखी एक रकाना असतो आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही: प्रत्येक बाजूला किती खातेदार आहेत याची संख्या. सौदे वाढले पण खातेदार तेवढेच राहिले, तर आधीच्याच लोकांनी बोजा वाढवला आहे. खातेदारांची संख्याही फुगत चालली असेल, तर उशिरा आलेले आत शिरत आहेत. मला दुसरी स्थिती जास्त नाजूक वाटते. उशिरा आलेल्याच्या खात्यात नफ्याची गादी नसते, पहिल्या धक्क्यालाच तो बाहेर पडतो.

### एखादं खरं उदाहरण सांगाल का?

2018 चा उन्हाळा. या विषयावर यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये सोनं 1,350 डॉलरच्या वर होतं. अमेरिकेचं फेडरल रिझर्व्ह व्याजदर वाढवत होतं, डॉलर चढत होता, चीनशी व्यापारयुद्ध पेटलं होतं आणि ऑगस्टमध्ये तुर्कस्तानचा लिरा कोसळला. एरवी अशा धामधुमीत लोक सोन्याकडे धावतात. त्या वेळी ते डॉलरकडे धावले. जूनमध्ये सोनं 1,300 च्या खाली गेलं आणि कलामागे धावणाऱ्या फंडांनी विक्रीचा सपाटा लावला.

जुलैच्या मध्यानंतर फंडांचा गट निव्वळ शॉर्ट झाला. सोन्यात हे क्वचित घडतं, कारण या गटाचा स्वभावच लाँगकडे झुकलेला आहे. 2015 च्या अखेरीनंतर असा प्रसंग प्रथमच येत होता. तरीही भाव पडतच राहिला. 16 ऑगस्टला त्याने 1,160 डॉलरच्या आसपास तळ गाठला. ऑगस्टच्या उत्तरार्धात फंडांची निव्वळ शॉर्ट बाजू 75 ते 90 हजार करारांच्या पट्ट्यात होती आणि नुसते विक्रीचे सौदे मोजले तर ते दोन लाखांच्या वर गेले होते. 2006 पासूनच्या नोंदींत असं कधी दिसलं नव्हतं. जुन्या वर्गीकरणातला बिगर-व्यापाऱ्यांचा गटही, दीड दशकाहून अधिक काळात प्रथमच, निव्वळ शॉर्ट झाला.

आता याचं वजन बघा. 80 हजार करार गुणिले 3.11 किलो, म्हणजे सुमारे 250 टन सोनं. एवढं सोनं फंडांनी निव्वळ विकून ठेवलं होतं, आणि ते देण्यासाठी त्यांच्याकडे नव्हतं. परत विकत घेण्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं. प्रश्न फक्त कधी, एवढाच होता.

आणि तो ‘कधी’ बराच लांबला. ऑगस्टअखेर, सगळा सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस सोनं 1,200 च्या आसपास रेंगाळत राहिलं. या काळात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. सप्टेंबरच्या शेवटी फेडने पुन्हा व्याजदर वाढवले, तरी भावाने ऑगस्टचा तळ मोडला नाही. विकणारे आधीच विकून बसले होते. वाईट बातमी आली, पण तिच्यावर विकायला नवा माणूस उरला नव्हता.

10 ऑक्टोबरला अमेरिकी शेअर बाजार आपटला, डाऊ एका दिवसात 800 हून अधिक अंकांनी खाली आला. 11 तारखेला महागाईचे आकडे अपेक्षेपेक्षा नरम आले आणि सोनं एका दिवसात सुमारे अडीच टक्के, म्हणजे 30 डॉलरच्या आसपास उसळलं. एका करारावर 30 डॉलर म्हणजे 3,000 डॉलरचा फटका. विक्रीचे दोन लाख करार उभे असतील, तर एका दिवसाचा तोटा 60 कोटी डॉलर होतो. मार्जिनचे, म्हणजे तोट्यापोटी आणखी पैसे भरा असे ब्रोकरचे, फोन सुरू झाल्यावर व्याजदराबद्दलचं मत कुणी विचारत बसत नाही. जो तो सौदा बंद करायला धावतो, आणि शॉर्ट सौदा बंद करणं म्हणजे खरेदी करणं.

आता तीन दिवसांच्या उशिराचा मुद्दा. उसळी गुरुवारी आली. त्यानंतर बाहेर आलेला अहवाल 9 ऑक्टोबरच्या मंगळवारचा होता आणि त्यात शॉर्ट बाजू अजून गच्च भरलेलीच दिसत होती. शनिवारी तो वाचणाऱ्याला वाटलं असतं की सगळं अजून व्हायचंय. पुढचा, 16 ऑक्टोबरचा अहवाल आला तेव्हा बिगर-व्यापाऱ्यांची निव्वळ बाजू शॉर्टवरून लाँगवर गेलेली होती. डिसेंबरअखेर सोनं 1,280 च्या आसपास होतं, फेब्रुवारी 2019 मध्ये 1,340 च्या वर.

### मग टोकाची गर्दी दिसली की उलटा सौदा का करू नये?

वरच्याच उदाहरणात त्याचं उत्तर आहे. फंड निव्वळ शॉर्ट झाल्याचं जुलैत दिसलं तेव्हा भाव 1,220 ते 1,230 च्या घरात होता. तेव्हाच ज्याने ‘गर्दीच्या उलट’ म्हणून वायद्यात खरेदी केली, त्याने 1,160 पर्यंतची घसरण अंगावर घेतली: प्रत्येक करारामागे सहा-सात हजार डॉलर. पुढे तो बरोबर ठरलाही असता, पण तोवर मार्जिन पुरलं असतं तर.

विरार लोकलचा डबा गच्च भरलाय हे फलाटावरून कळतं, पण तो कुठल्या स्टेशनात रिकामा होईल ते नाही कळत. त्यासाठी दुसरी खूण लागते. माझ्या मते त्यातली सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे गर्दीच्या बाजूने बातमी येऊनही भाव न हलणं. शॉर्टची गर्दी असताना वाईट बातमी येते आणि भाव नवा तळ करत नाही. लाँगची गर्दी असताना चांगली बातमी येते आणि भाव नवा उच्चांक करत नाही. ही खूण नसेल, तर टोकाची गर्दी हा फक्त सावध राहण्याचा इशारा समजावा.

### निव्वळ आकडा एका आठवड्यात 20 हजारांनी बदलला. याचा अर्थ काय काढायचा?

निव्वळ आकड्यावरून काहीच नाही. दोन्ही बाजू सुट्या करून बघाव्या लागतात. समजा, गेल्या आठवड्यात फंडांकडे 1,30,000 लाँग आणि 2,10,000 शॉर्ट होते, म्हणजे निव्वळ 80,000 शॉर्ट. या आठवड्यात निव्वळ 60,000 शॉर्ट झाले आणि भाव 25 डॉलरने वाढला.

हे दोन प्रकारे घडू शकतं. लाँग तेवढेच राहिले आणि शॉर्ट 1,90,000 वर आले, तर जुन्या मंदीवाल्यांनी सौदे गुंडाळले आहेत. ही तेजी उसनी आहे, गुंडाळणं थांबलं की तिचा जोर ओसरतो. किंवा शॉर्ट तसेच राहिले आणि लाँग 1,50,000 झाले, म्हणजे नवे पैसे आत आले. यात तर जुने शॉर्ट अजून तोट्यात अडकलेलेच आहेत, त्यांची खरेदी पुढे व्हायची आहे. बातमीत दोन्ही प्रकार ‘फंडांनी शॉर्ट कमी केले’ असेच छापून येतात.

ताळा म्हणून एकूण खुले सौदे बघावेत. भाव वाढताना ते घटत असतील तर बहुधा पहिला प्रकार, वाढत असतील तर दुसरा. महिन्याचा करार संपत येतो तेव्हा लोक पुढच्या महिन्यात सौदे सरकवतात आणि खुले सौदे त्यामुळेही हलतात. कोमेक्सवर फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट आणि डिसेंबर हे मुख्य महिने असतात. त्यांच्या आधीच्या आठवड्यातल्या बदलाचा फार अर्थ लावू नये.

### खरेदीच्या बाजूला गर्दी झाली तर काय होतं?

2016 बघा. ब्रेक्झिटचा कौल जूनअखेर आला आणि जुलैच्या सुरुवातीला बिगर-व्यापाऱ्यांची निव्वळ लाँग बाजू तीन लाख करारांच्या वर गेली. भाव 6 जुलैला 1,375 च्या आसपास पोचला. पुढचे तीन महिने तो तिथून वर गेला नाही, फारसा खालीही आला नाही. 4 ऑक्टोबरला एका दिवसात तो तीन टक्क्यांहून अधिक पडून 1,300 च्या खाली गेला. चीनमध्ये त्या आठवड्यात राष्ट्रीय सुट्टी होती, म्हणजे पडत्या भावाला घेणारं एक मोठं गिऱ्हाईक घरी होतं. डिसेंबरमध्ये सोनं 1,130 च्याही खाली गेलं होतं.

लाँगची गर्दी कशी मोडते यात एक फरक आहे. 2018 मधले शॉर्ट एका धक्क्यात पळाले. 2016 मधले लाँग मात्र आशेवर टिकून राहिले आणि महिनोन्‌महिने थोडे थोडे गळत गेले. सोन्यावर श्रद्धा असलेले लोक लाँग बाजूलाच असतात, मंदीवर श्रद्धा ठेवणारे फार नसतात. हे माझं निरीक्षण आहे, नियम नव्हे. मार्च 2020 मध्ये लाँगची गर्दीही आठवडाभरात उधळली होती. शेअर बाजारातले खड्डे भरायला रोकड हवी होती म्हणून लोकांनी सोनं विकलं, आणि भाव 1,700 जवळून 1,450 च्या घरात आला.

### 2022 नंतर हा अहवाल निकामी झाला असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. 2006 ते 2021 या काळात फंडांची निव्वळ बाजू आणि भाव हातात हात घालून चालत असत. 2022 पासून ही जोडी ढिली पडली. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या आकड्यांनुसार 2022, 2023 आणि 2024 या तिन्ही वर्षी मध्यवर्ती बँकांनी प्रत्येकी 1,000 टनांहून अधिक सोनं घेतलं. आपली रिझर्व्ह बँकही घेणाऱ्यांत होती. ही खरेदी कोमेक्सच्या वायद्यात होत नाही, म्हणून सीओटीत तिचा मागमूसही नसतो. शांघायचा बाजार, लंडनचे बाजाराबाहेरचे व्यवहार, ईटीएफमधली आवक हेही त्यात नाही.

त्यामुळे फंड शांत असताना भाव नवे उच्चांक करत गेला आणि ‘फंड लाँग नाहीत, म्हणजे तेजी खोटी’ म्हणणारे तोंडावर पडले. सोनं कुठे जाणार हे या अहवालाला आधीही कळत नव्हतं. घाईघाईत पळू शकणारा पैसा कुठल्या बाजूला किती साचलाय, हे मात्र तो आजही दाखवतो. मध्यवर्ती बँक मार्जिनच्या फोनमुळे सोनं विकत नाही, हेज फंड विकतो. अडीच-तीन टक्क्यांची एका दिवसातली आपटी समजून घ्यायला सीओटी अजून कामाचा आहे. तीन वर्षांची तेजी समजून घ्यायला तो पुरत नाही.

### लग्नासाठी सोनं घ्यायचंय. हे बघून काही फायदा?

जवळपास नाही. सीओटी डॉलरमधल्या भावाबद्दल बोलतो. जळगावच्या किंवा झवेरी बाजारातल्या भावात रुपया आणि आयात शुल्कही असतं, आणि ते कधी कधी उलट्या दिशेने खेचतात.

त्याच 2018 चा हिशेब करू. जानेवारीअखेर सोनं 1,340 डॉलरच्या आसपास आणि डॉलर साडेत्रेसष्ट रुपयांच्या आसपास होता. औंसाचे होतात सुमारे 85,100 रुपये, म्हणजे शुल्क न धरता दहा ग्रॅमला साधारण 27,350. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोनं 1,200 वर आलं होतं, पण डॉलर 74 च्या घरात गेला होता. औंसाचे 88,800, दहा ग्रॅमला 28,550. न्यूयॉर्कमध्ये फंड विक्रमी शॉर्ट, सोनं दहा टक्के खाली, आणि आपल्याकडे ते उलट महाग! 23 जुलै 2024 ला अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं तेव्हाही भाव एका दुपारीत उतरला. त्याचा फंडांशी काडीचाही संबंध नव्हता.

एमसीएक्स या आपल्याकडच्या वायदे बाजारात सौदे करणाऱ्यांसाठी, किंवा ज्यांच्याकडे माल पडून असतो अशा सराफांसाठी गोष्ट वेगळी. त्यांना एका रात्रीत 30–40 डॉलरची हालचाल झोंबते आणि ती कुठल्या बाजूला जास्त संभवते, याचा अंदाज या अहवालातून येतो.

### एमसीएक्सचा असा अहवाल नसतो का?

सहभागींच्या वर्गांनुसार खुल्या सौद्यांची माहिती आपल्याकडेही जाहीर होते. पण सोन्याचा भाव आपल्याकडे ठरत नाही. एमसीएक्स रात्री उशिरापर्यंत चालू असतं, त्याचं मोठं कारण न्यूयॉर्कच आहे. आपल्याकडची गर्दी बघून जगाच्या सोन्याचा अंदाज बांधता येत नाही.

### अहवाल आलाच नाही तर?

असं घडलेलं आहे. अमेरिकी सरकारचं कामकाज निधीअभावी बंद पडलं की सीएफटीसीही बंद पडते. डिसेंबर 2018 ते जानेवारी 2019 मध्ये ते झालं. फेब्रुवारी 2023 मध्ये कारण वेगळं होतं: आयन या सॉफ्टवेअर कंपनीवर सायबर हल्ला झाला, ब्रोकरांना आकडे कळवता येईनात आणि अहवाल रखडले.

सगळ्यात वाईट वेळ 2025 च्या ऑक्टोबरची. 1 तारखेपासून सरकार बंद होतं. 20 ऑक्टोबरला सोनं 4,380 डॉलरच्या आसपास विक्रमी पातळीवर गेलं आणि दुसऱ्याच दिवशी पाच टक्क्यांहून अधिक आपटलं. लाँग बाजूला किती जण दाटले होते हे ज्या आठवड्यात कळायला हवं होतं, त्याच आठवड्यात कुणाकडे आकडा नव्हता. 12 नोव्हेंबरला हा बंद संपल्यावर राहिलेले अहवाल जुन्यापासून क्रमाने एकेक करून बाहेर आले, त्यामुळे वाचणारे बराच काळ मागच्या तारखांचे आकडे वाचत होते.

अशा वेळी सीएमई, म्हणजे कोमेक्स चालवणारी कंपनी, रोज जाहीर करते ते खुले सौदे आणि उलाढाल एवढंच हाताशी राहतं. भाव पडताना खुले सौदेही घटत असतील, तर लाँगवाले बाहेर पडत आहेत असं धरायला जागा असते. ते फंड आहेत, बँका आहेत की छोटे खातेदार, हे मात्र त्यातून कळत नाही.